चष्म्याच्या स्क्रूवरची वेलांटी

प्रश्न : माझे आजोबा मिरजेत सतारी करायचे. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी भावाने कॅमेरा घेतला होता. आजोबा काम करत असतानाचे दोनच फोटो त्यात सापडले. एकात ते दांडीवर पडदे बांधतायत, तो थोडा हललाय. दुसऱ्यात कानस घेऊन जवारी काढतायत, पण फोकस मागच्या भिंतीवर गेलाय. एक स्टुडिओवाले म्हणाले, हल्ली दोन्ही सारखेच साफ करून मिळतात. माझा मित्र म्हणतो, एकदा बिघडलेल्या फोटोचं काहीही होत नाही. दोन्ही मूळ फाइल सोबत पाठवतोय. खरं काय ते सांगा. — एक वाचक, मिरज

उत्तर : दोघांचंही चुकलंय, कारण दोघांनीही तुमचे दोन फोटो एकाच रांगेत बसवले. दिसायला दोन्ही धूसर असले, तरी त्यांचा बिघाड अगदी वेगळ्या जातीचा आहे. पहिल्या फोटोतून बरंच काही परत मिळतं, आणि ते मी मिळवून पाहिलं. दुसऱ्यातून आजोबांचा चेहरा परत येणार नाही. असं का, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढे कुणी पैसे घेऊन काही दाखवलं, तर त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

आधी ओळख पटवू. फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठा करा आणि त्यात प्रकाशाचा एखादा बारीक ठिपका शोधा. दूरचा दिवा, डोळ्यातली चमक, धातूच्या टोकावरचा चकाकता बिंदू, काहीही चालेल. मुळात जो निव्वळ एक ठिपका होता त्याचं फोटोत काय झालं, हाच सगळ्यात चांगला पुरावा असतो. तुमच्या पहिल्या फोटोत आजोबांच्या चष्म्याच्या काडीला जो स्क्रू आहे, त्यावर बल्बची चमक पडली आहे. तिची झाली आहे एक छोटी वेलांटी : खालून वर गेलेली बारीक रेघ, शेवटी थोडी वळलेली आणि वरच्या टोकाला जास्त उजळ. एका पडद्याच्या पितळी टोकावरही तशीच, तेवढीच वेलांटी आहे. म्हणजे कॅमेराच हलला. बटण दाबताना बोटाने कॅमेरा खाली दाबला गेला आणि शेवटी हात क्षणभर थांबला, हा सगळा प्रवास त्या रेघेत लिहिलेला आहे.

दुसऱ्या फोटोत तोच चष्मा आहे, पण चमकेची रेघ नाही. तिथे एक फिकट, गोल चकती आहे. शिवाय मागच्या भिंतीचा पोपडा न् पोपडा स्वच्छ दिसतो. फोटोत कुठेतरी एखाद्या अंतरावर सगळं स्पष्ट आणि बाकीकडे ठिपक्यांच्या चकत्या, ही फोकस चुकल्याची खूण.

सतारीनेही आणखी एक पुरावा दिला. पहिल्या फोटोत दांडी आडवी आहे, म्हणून तारा आडव्या आणि पडदे उभे आहेत. कॅमेरा खाली-वर हलल्यामुळे आडव्या तारा पसरून पट्ट्या झाल्या, पण उभे पडदे जवळजवळ जसेच्या तसे राहिले. पडदा बांधलेल्या दोऱ्याचे वेढेसुद्धा मोजता येतात. हललेल्या फोटोत हालचालीच्या दिशेचं नुकसान होतं, आडव्या दिशेला फारसा धक्का लागत नाही. फोकस चुकला की मात्र चारी बाजूंनी सारखंच पुसलं जातं.

आता थोडी मापं. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे फोटो ६००० पिक्सेल रुंद. लेन्स ५० मिलिमीटरची. पहिल्या फोटोत शटर १/१५ सेकंद उघडं होतं आणि वेलांटीची लांबी साधारण १२ पिक्सेल भरते. कॅमेरा तेवढ्या वेळात किती वळला असेल? घड्याळाचा मिनिटकाटा अर्ध्या सेकंदात जेवढा सरकतो, तेवढाच. दोन मीटरवर बसलेल्या आजोबांच्या अंगावर मोजलं, तर हे पसरणं दोन मिलिमीटरलाही थोडं कमी आहे.

दुसऱ्या फोटोत अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, म्हणजे एफ १.८ होतं. आजोबा दोन मीटरवर, भिंत तीन मीटरवर आणि फोकस भिंतीवर. यावरून हिशोब केला, तर आजोबांच्या चेहऱ्यावरच्या प्रत्येक ठिपक्याची चकती जवळजवळ ६० पिक्सेल व्यासाची होते. फोटोत मोजली, तर चष्म्यावरची चकतीही तेवढीच आहे. त्या अंतरावर डोळ्याचं बुबुळ सुमारे ८० पिक्सेल रुंद पडतं. म्हणजे बुबुळाच्या पाऊण रुंदीची चकती फिरवून सगळा चेहरा सारवल्यासारखं झालंय.

पहिल्या फोटोत एका पिक्सेलमध्ये आजूबाजूच्या डझनभर पिक्सेलांचा प्रकाश मिसळला आहे. दुसऱ्यात ६० पिक्सेलच्या चकतीत अडीच हजारांवर पिक्सेल येतात, त्या सगळ्यांचा मिसळला आहे. हा आकड्यांचा फरक मोठा आहेच, पण खरी अडचण त्याहून खोल आहे. ती कागदावर करून पाहण्यासारखी आहे.

समजा, एका ओळीत चार पिक्सेल आहेत आणि त्यांचा उजेड १०, ५०, २०, ८० असा आहे. कॅमेरा एक पिक्सेल हलला, म्हणून फोटोत शेजारच्या दोघांची सरासरी उमटली : ३०, ३५, ५०. आता उलटा हिशोब करा. पहिला पिक्सेल १० होता हे माहीत असेल, तर ३० ची दुप्पट वजा १० म्हणजे ५०. मग ३५ ची दुप्पट वजा ५० म्हणजे २०. मग ५० ची दुप्पट वजा २० म्हणजे ८०. सगळं जसंच्या तसं परत आलं. हललेला फोटो सुधारण्याच्या सगळ्या पद्धतींच्या मुळाशी हाच उलटा हिशोब आहे, आणि तुमच्या मित्राला हे ठाऊक नव्हतं.

पण कमी उजेडात सेन्सर जरा चुकीचं मोजतो. रात्रीच्या फोटोत दिसणारे ते दाणे, नॉइज, म्हणजे हीच चूक. समजा, ३० च्या जागी ३२ नोंदलं गेलं. तोच हिशोब पुन्हा करा : ५४, १६, ८४. एकदा चार जास्त, एकदा चार कमी, पुन्हा चार जास्त. मोजण्यातली दोनाची चूक चाराची झाली आणि ओळभर वर-खाली होत पुढे गेली. सुधारलेल्या फोटोत कडांच्या शेजारी पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेघा दिसतात, त्या इथूनच येतात.

आता खरी मेख बघा. ही चूक नेमकी एक जास्त, एक कमी अशाच चालीने का पसरली? समजा, मूळ चित्रातच ६०, ४०, ६०, ४० अशी बारीक पट्ट्यांची नक्षी असती. शेजारच्या दोघांची सरासरी काढली, तर उरतं ५०, ५०, ५०. सपाट पाटी. अशी नक्षी त्या हलण्यातून पार होतच नाही, फोटोत तिचा मागमूस राहत नाही. म्हणून उलटा हिशोब करणाऱ्यालाही ती होती की नव्हती हे सांगता येत नाही, आणि जिथे काही कळत नाही तिथेच चूक घुसते. प्रत्येक प्रकारच्या धूसरपणाची अशी काही मापं असतात, ज्या मापाची नक्षी तो पार गिळून टाकतो. अंधुक झालेलं पुन्हा उजळता येतं, पण जे शून्य झालं त्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच.

हललेल्या फोटोत ही गिळलेली मापं थोडी असतात, आणि तीही फक्त हालचालीच्या दिशेत. शिवाय माणसाचा हात एकसारख्या वेगाने सरळ रेषेत हलत नाही. तो मध्येच थांबतो, वळतो. या अनियमितपणामुळे कुठलीच नक्षी पूर्णपणे रद्द होत नाही, थोडीफार शिल्लक राहते. तुमच्या फोटोतल्या वेलांटीचं ते उजळ टोक म्हणूनच माझ्या फार उपयोगी पडलं. हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणण्याची कल्पना २००६ मध्ये रमेश रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. रासकर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी शटर एका दमात उघडं न ठेवता ५२ टप्प्यांच्या अनियमित क्रमाने उघडझाप करवलं. पळत्या वस्तूचा फोटो मग एकसंध सारवला जात नाही, तुटक तुटक उमटतो, आणि उलट्या हिशोबाला कुठेच पूर्ण शून्य आडवं येत नाही.

फोकस चुकल्यावरची चकती याच्या नेमकी उलट वागते. ती गोल आणि एकसारखी भरलेली असते, त्यामुळे तिची गिळलेली मापं सगळ्या दिशांना लागू होतात. ६० पिक्सेलच्या चकतीत साधारण ४९ पिक्सेलच्या पट्ट्यांची नक्षी पहिल्यांदा पूर्ण नाहीशी होते. आजोबांच्या चेहऱ्यावर हे माप साडेसात मिलिमीटर होतं. पापण्या, सुरकुत्या, चष्म्याची काडी, ओठांची कड, माणूस ज्याने ओळखू येतो ते सगळं याहून बारीक आहे. त्याहूनही बारीक नक्षीचा काही अंश पलीकडे फिकटपणे पार होतो, पण तिथे एक विचित्र प्रकार घडतो : काळ्याच्या जागी पांढरं आणि पांढऱ्याच्या जागी काळं येतं. भिंगातून जवळजवळच्या रेघा बघत फोकस हळूहळू बिघडवत नेला, तर रेघा आधी विरतात आणि मग पुन्हा उमटतात, पण उलट्या रंगात. म्हणूनच फोकस चुकलेल्या फोटोला नुसता ‘शार्पनेस’ वाढवला, तर कधी कधी नसलेल्याच रेघा ठळक होतात.

एवढ्याने भागत नाही. चकतीचा आकार अंतरावर अवलंबून असतो. आजोबांचं नाक, डोळे, कान आणि पुढे धरलेला भोपळा ही सगळी वेगवेगळ्या अंतरांवर आहेत, म्हणून प्रत्येकाचा हिशोब वेगळा. कॅमेरा नुसता वळला असेल, तर जवळचं-लांबचं सगळं जवळपास सारखंच हलतं आणि एकच वेलांटी फोटोभर चालते.

गणिताने फोकस कितपत परत आणता येतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण हबल दुर्बिणीचं. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि मग कळलं, की २.४ मीटर व्यासाचा तिचा मुख्य आरसा कडेला सुमारे २ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेलाय. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत जुळेना. दुरुस्ती होईपर्यंत शास्त्रज्ञांनी चित्रं उलट्या हिशोबानेच सुधारली. त्यात विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लिऑन लुसी यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली पद्धत खूप वापरली गेली. त्यांच्या बाजूने बरंच काही होतं. बिघाड नेमका किती हे माहीत होतं आणि तारा म्हणजे मुळातच एक ठिपका. तरीही फिकट आकाशगंगांचे बारकावे दाण्यांत हरवायचे. ते गणिताने भागलं नाही, म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये अवकाशवीरांना वर जाऊन दुर्बिणीला जणू चष्मा लावावा लागला.

आता तुमच्या पहिल्या फोटोचं मी काय केलं ते सांगतो. रिचर्डसन-लुसी पद्धतच वापरली, तिच्यात अंदाज हळूहळू सुधारत नेतात. ‘मूळ चित्र असं असेल’ असं धरायचं, त्याला आपल्या वेलांटीने मुद्दाम धूसर करायचं, हाती असलेल्या फोटोशी ताडून पाहायचं आणि फरकाप्रमाणे अंदाज दुरुस्त करायचा. अशा फेऱ्या. यात सगळी मदार वेलांटीवर असते. चष्म्याच्या स्क्रूवरची चमक मी आधी घेतली, पण ती इतकी प्रखर होती की सेन्सर तिथे भरून गेला होता आणि रेघ खरी होती त्याहून जाड उमटली होती. त्या रेघेने केलेल्या हिशोबात चष्म्याभोवती काळी कड आली. मग पडद्याच्या टोकावरची मंद वेलांटी घेतली. तिच्यात उजेड कमी होता, पण कुठे किती हे प्रमाण बरोबर होतं. ती कापून घेतली, आजूबाजूचा अंधार वजा केला आणि तीच हिशोबाला दिली.

दहा फेऱ्यांत तारा सुट्या झाल्या. पंचविसाव्या फेरीला कपाळावरच्या आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या आणि पापणीची कड वेगळी झाली. शंभराव्या फेरीला तारांच्या वर-खाली समांतर खोट्या तारा उगवल्या आणि गालावर दाणे फुटले. म्हणून पंचविशीतच थांबलो. १२ पिक्सेलचं पसरणं आता तीन-चार पिक्सेलवर आलंय. याच्या पुढे हा फोटो जाणार नाही. दाढीचे खुंट वेगळे दिसत नाहीत, आणि कुणी ते दाखवले तर ते रंगवलेले असतील.

एक जागा मात्र सुधारली नाही आणि तुम्हाला ती खटकेल : आजोबांच्या उजव्या हाताची बोटं. दोरा आवळताना ती स्वतःही हलत होती. कॅमेऱ्याच्या वेलांटीत बोटांची स्वतःची चाल मिसळली, आणि तिथे चमकता ठिपका नसल्याने ती वेगळी काढायला पुरावाच नाही. तिथे मी मूळ फोटोच ठेवला, म्हणून बोटं हलती दिसतात. सुधारण्याच्या नादात त्यांच्याभोवती तरंग उमटण्यापेक्षा हे मला बरं वाटलं.

हे सगळं जमलं, त्याला एक कारण म्हणजे तुम्ही कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल पाठवली. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत असती, तर तिचा आकार लहान झाला असता आणि फाइल दाबून बसवताना नेमके बारीक फरक टाकून दिले गेले असते. डोळ्याला फारसं जाणवत नाही, पण उलटा हिशोब त्याच बारीक फरकांवर उभा असतो. फोटो कुणाकडेही द्या, मूळ फाइलच द्या.

दुसऱ्या फोटोवरही मी प्रयत्न केला. ६० पिक्सेलची चकती देऊन हिशोब चालवला, तर चेहऱ्याभोवती एकात एक वर्तुळं उमटली आणि डोळ्यांच्या जागी डाग राहिले. फोकस भिंतीऐवजी आजोबांच्या कानावर, डोळ्यांच्या मागे दहा सेंटीमीटरवर चुकला असता, तर चकती नऊ पिक्सेलची झाली असती. मग मी तुम्हाला निम्म्याहून जास्त परत मिळेल असं सांगितलं असतं. त्यातच अ‍ॅपर्चर एफ ५.६ असतं, तर ती तीन पिक्सेलचीच राहिली असती. एवढा थोडा मऊपणा ‘रॉथेरपी’सारख्या मोफत प्रोग्रॅममधल्या `Capture Sharpening` नेही निघतो. साठ पिक्सेलला हे लागू होत नाही.

स्टुडिओवाले जे ‘साफ करून’ देतील ते बहुधा वेगळंच असेल. धूसर चेहऱ्याच्या जागी स्पष्ट डोळे, स्पष्ट पापण्या, गुळगुळीत कातडी. ते डोळे इतर हजारो चेहऱ्यांवरून बेतलेले असतात, तुमच्या फाइलमधून निघालेले नसतात. पारखायचं असेल, तर दोन गोष्टी करा. आजोबांचा दुसरा एखादा चांगला फोटो शेजारी ठेवून डोळ्यांचा आकार, तीळ, भुवईतली खाच ताडून बघा. आणि सुधारलेल्या फोटोत चेहरा चकचकीत पण शेजारचा सदरा आणि भोपळा पूर्वीइतकेच धूसर असतील, तर चेहरा रंगवलाय असं समजा. खऱ्या उलट्या हिशोबाला चेहरा आणि सदरा यांत फरक कळत नाही.

छपाईचं बघू. पहिला फोटो १५ सेंटीमीटर रुंद छापला, तर मूळचं हलणंही कागदावर ०.३ मिलिमीटरच भरत होतं. सुधारलेली फाइल तुम्ही भिंतीवर लावण्याएवढी, ४५ सेंटीमीटरपर्यंत निर्धास्त मोठी करा. दुसऱ्या फोटोतली चकती १५ सेंटीमीटरच्या प्रतीत दीड मिलिमीटरची होते, ती कुणाच्याही नजरेत येते. तो अगदी लहान, काडेपेटीएवढा छापला, तर आजोबांची बसण्याची ढब, वाकलेली मान आणि कानस धरलेला हात एवढं ओळखीचं वाटतं.

पण तो फोटो बाजूला टाकू नका. फोकस भिंतीवर गेल्यामुळे भिंत मात्र लख्ख आलीय. आजोबांच्या डाव्या खांद्याच्या वर, खिळ्याला टांगलेल्या कानशींच्या शेजारी, भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यांच्या तीन ओळी आहेत. शंभर टक्के मोठं केल्यावर त्या अडखळल्याशिवाय वाचता येतात. मला तरी त्या एका दांडीवरच्या पडद्यांमधल्या अंतरांच्या नोंदी वाटतात. तेवढा भाग कापून वेगळी फाइल जोडली आहे. घरात अजून कुणी सतारी करत असेल, तर त्यांना ती दाखवा.